पंपिंग ३५ टक्के म्हणजे नेमकं किती?

हार्ट अटॅकनंतर इकोचा रिपोर्ट हातात पडला की घरातले सगळे त्यात एकच आकडा शोधतात. समजा तिथे ‘ईएफ ३५ टक्के’ असं लिहिलंय. संध्याकाळपर्यंत गावाकडे फोन जातो, ‘बाबांचं हृदय पस्तीस टक्केच चालतंय.’ ऐकणारा मनाशी धरून चालतो, की उरलेलं पासष्ट टक्के बंद पडलं.

तसं नसतं. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरतो आणि आकुंचन पावून ते शरीरात ढकलतो. भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर पडलं, एवढंच ईएफ सांगतं. निरोगी कप्पाही कधी पूर्ण रिकामा होत नाही. त्यात १२० मिलिलिटर रक्त मावत असेल, तर दर ठोक्याला साधारण ७० बाहेर जातं, म्हणजे ५८ टक्के. त्यामुळे बाबांच्या ३५ची तुलना शंभराशी करायची नाही, ५५ ते ७०शी करायची. त्यांचा कप्पा ताणून मोठा झालाय. त्यात १५० मिलिलिटर मावतं आणि ५३ बाहेर पडतं. स्नायू खरोखरच अशक्त झालाय, औषधं टाळून चालणार नाही; पण बाबा खाटेवर बसून निवांत बोलतात ते याच ५३ मिलिलिटरच्या जोरावर.

त्याच रिपोर्टात खाली ‘मॉडरेट एमआर’ असतं, म्हणजे डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेतून मध्यम गळती. अगदी किरकोळ गळती धडधाकट माणसांतही दिसते. बाबांच्या बाबतीत झडप मुळात चांगली आहे. कप्पा ताणल्यामुळे तिची पाती ओढली जातात, नीट मिटत नाहीत. औषधांनी कप्पा आवरला तर ही गळतीही कमी होऊ शकते. म्हणून ‘व्हॉल्व्ह खराब झाला’ असं घरी सांगू नये.

झडपच बिघडली असेल तर मात्र ईएफ फसवं ठरतं, आणि हे कुटुंबाला फार क्वचित सांगितलं जातं. कप्प्यातल्या १६० मिलिलिटरपैकी ९६ बाहेर पडलं, तर ईएफ ६० टक्के. पण त्यातलं ४० गळतीतून वरच्या कप्प्यात परत गेलं, तर शरीराला मिळालं ५६च. ईएफ दोन्हीकडे गेलेलं रक्त एकत्र मोजतं. म्हणूनच गंभीर गळती असताना ईएफ ६०च्या आसपास उतरलं, की रुग्णाला त्रास नसला तरी डॉक्टर शस्त्रक्रियेचा विषय काढतात.

पुढच्या इकोत ३५चं ३८ झालं म्हणून पेढे वाटू नयेत आणि ३२ झालं म्हणून हातपाय गाळू नयेत. मोजणारा बदलला तरी एवढा फरक पडतो. अटॅकनंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो आणि काही आठवड्यांत सावरू शकतो. त्यामुळे औषधं नीट सुरू ठेवून साधारण तीन महिन्यांनी केलेला इको जास्त महत्त्वाचा. तेव्हाही ईएफ ३५ किंवा त्याखाली राहिलं, तर ठोके जीवघेणे बिघडल्यास शॉक देणारं यंत्र छातीत बसवायचं का, हे डॉक्टरांना विचारावं.