पेढा की ग्रुप फोटो?

सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा उरकतो आणि काही दिवसांनी अल्बमवाल्याचा फोन येतो, ‘कव्हरला कोणता फोटो टाकू?’ समजा, घरात दोन फोटोंवर घोडं अडलंय. एक फोटोग्राफरने काढलेला ग्रुप फोटो. पस्तीस माणसं, सगळ्यांचे डोळे उघडे, साडीच्या काठाची जरही स्पष्ट. दुसरा पुतण्याच्या मोबाइलमधला. आजी पेढा भरवतेय, आजोबांनी तोंड गच्च मिटलंय आणि आजीला हसू आवरत नाहीये. पण ट्यूबलाइटने चेहरे हिरवट झालेत, आजीचा हातही हललाय.

असा पेच संकलकांना रोजचाच. ‘अपोकॅलिप्स नाऊ’चे एक संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या ‘कट’साठी सहा कसोट्या सांगितल्या आणि त्यांतल्या एकट्या भावनेला ५१ टक्के वजन दिलं. सगळं साधत नसेल, तर यादीच्या तळापासून एकेक गोष्ट सोडत वर यायचं. भावना शेवटपर्यंत धरून ठेवायची.

तरीही छपाईला मोठ्या मनाने सोडून देता येत नाही. फोटो शंभर टक्के झूम करून आधी डोळे पाहावेत. नुसता हात हललेला असेल तर बिघडत नाही, उलट पेढ्याची झटापट त्यातूनच कळते. सगळंच एका दिशेला दुहेरी दिसत असेल तर मोबाइल हललाय. मागची भिंत ठसठशीत आणि चेहरा मऊ असेल तर फोकस चुकलाय. हे दोन्ही दोष मोठ्या कव्हरवर लपत नाहीत. कपाळावर प्रकाशाचा पांढरा डाग पडला असेल तर तिथली त्वचाही परत येत नाही. हिरवट छटा मात्र बऱ्यापैकी निघते. नाहीच निघाली तर फोटो कृष्णधवल करावा.

खरी फसगत होते ती फाइलमध्ये. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो पुष्कळदा १६०० पिक्सेल रुंदीचा असतो. अठरा इंची कव्हरवर तो ताणला की इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल उरतात आणि चेहरा चिखलासारखा होतो. तोच फोटो पुतण्याने मूळ फाइल म्हणून, ‘डॉक्युमेंट’ करून पाठवला, तर १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचे ४००० पिक्सेल मिळतात, म्हणजे इंचाला २२२. छपाईसाठी ३०० चांगले मानतात, पण कव्हर हातभर अंतरावरून पाहताना २२२ला सहसा कुणी नाव ठेवणार नाही. दोघांचे चेहरे मोठे करायला निम्मी रुंदी कापली, तर आकडा पुन्हा १११वर घसरतो. मग कव्हरवरची फोटोची चौकटच लहान ठेवलेली बरी.

भावनेचीही परीक्षा घ्यावी लागते. पुतण्याला तो क्षण आठवतो, म्हणून फोटो आवडतो. सोहळ्याला नसलेल्या एखाद्या शेजारणीला दाखवावा. तीही हसली तर पेढा कव्हरवर. ‘हे काय चाललंय?’ असं तिने विचारलं, तर तो आतल्या पानावर बरा.

ग्रुप फोटोत कव्हरवर एकेक चेहरा बोटाच्या पेराएवढाच येतो. त्याला आतली दोन जोडपानं द्यावीत. फक्त मधल्या घडीत कुणाचं नाक जाणार नाही, एवढं अल्बमवाल्याला आधीच सांगून ठेवावं.