दोन किल्ल्या आणि एक साखळी

स्कूटर चोरणाऱ्याला किल्लीची गरज फारशी पडत नाही. हँडलला पायाने जोराचा हिसडा दिला की आतली छोटी खिट्टी तुटते. मग वायरी जोडल्या की गाडी चालू. अंधारात हे काम काही मिनिटांत उरकतं. म्हणून हँडल लॉकवर विसंबून गाडी रस्त्याकडेला रात्रभर ठेवणं म्हणजे दार नुसतं लोटून झोपण्यासारखं आहे.

पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर डिस्क लॉक लावता येतं. हलवल्यावर बोंबलणारं मिळालं तर उत्तम. बऱ्याच स्कूटरना मात्र ड्रम ब्रेकच असतो, तिथे साखळी हवी. ती नुसती चाकात गुंफली तर दोघंजण गाडी उचलून टेम्पोत घालतात. सोसायटीत ती खांबातून किंवा पक्क्या ग्रिलमधून ओवावी आणि जमिनीवर लोळू देऊ नये. फरशीवर टेकलेल्या कडीवर हातोडा नेमका बसतो.

जीपीएस ट्रॅकर गाडी अडवत नाही, गेली कुठे ते सांगतो. तोही सिम रिचार्ज केलेलं असेल आणि नेटवर्क मिळत असेल तरच. तळघरातल्या पार्किंगमध्ये तो मुका होऊ शकतो. सीटखालच्या बॅटरीजवळ उघडा लटकलेला ट्रॅकर चोर आधी उपटतो. ठिकाण दिसलं तरी मालकाने एकट्याने तिकडे धावू नये, ११२ वर कळवावं.

विम्याचं गणित वेगळं. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर चोरीचा छदामही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत गाडीची घटलेली किंमत मिळते. समजा, गाडीची शोरूम किंमत ९०,००० रुपये आहे आणि पॉलिसी घेताना तिला दोन वर्षं होऊन गेलीत, तिसरं चालू आहे. नेहमीच्या तक्त्यानुसार ३० टक्के घसारा वजा होऊन ६३,००० उरतात. कर्ज बाकी असेल तर आधी बँकेचा वाटा.

चोरी कळताच फिर्याद द्यावी, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावं आणि सोसायटीचं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जाण्याआधी मागून घ्यावं. पुढे गाडी सापडली नाही, की पोलिसांचा तपास बंद केल्याचा अहवाल लागतो. महाराष्ट्रात त्याला ‘अ’ समरी म्हणतात आणि दाव्याची सगळ्यात लांब वाट याच कागदासाठी पाहावी लागते. कंपनी दोन्ही मूळ किल्ल्याही मागते. दुसरी किल्ली कपाटात सापडत नसेल, तर ‘गाडीलाच लावून ठेवली होती का?’ हा प्रश्न आलाच.

तसं झालं असलं तरी दावा पूर्ण बुडतोच असं नाही. किल्ली लावलेला ट्रक चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ७५ टक्के भरपाई दिली. त्याआधी २०२० मध्ये एका ट्रॅक्टरमालकाच्या बाजूने निकाल लागला होता. त्याने कंपनीला ५२ दिवस उशिरा कळवलं होतं, पण फिर्याद मात्र चोरीच्याच दिवशी दिली होती.