पट्टी आणा, प्रिंटर बोलेल!

बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर, म्हणजे सदर पत्रप्पा रोडवर, जुन्या लेझर प्रिंटरचे सुटे भाग ढिगाने मिळतात. मात्र पाकीट काढण्याआधी घरीच पट्टी काढावी. पानावर काळा ठिपका ठरावीक अंतराने पुन्हा उमटत असेल, तर आत कुठलातरी रोलर प्रत्येक फेरीला तोच डाग सोडतोय. दोन ठिपक्यांमधलं अंतर हाच त्या रोलरचा घेर.

मोजायचं कागद ज्या दिशेने बाहेर येतो त्या दिशेने, ठिपक्याच्या वरच्या कडेपासून पुढच्याच्या वरच्या कडेपर्यंत. एकच अंतर मोजून समाधान मानू नका. समजा चार ठिपके आहेत आणि पहिल्यापासून चौथ्यापर्यंत २२६ मिमी भरले. मधली अंतरं तीन, म्हणून एक अंतर साधारण ७५ मिमी. त्याला ३.१४ ने भागा: व्यास २४ मिमी. अनेक छोट्या प्रिंटरमधला ड्रम नेमका एवढाच असतो, आणि तो टोनर कार्ट्रिजमध्येच बसवलेला असतो. ब्रदरच्या बऱ्याच मॉडेलांत ड्रम ३० मिमी व्यासाचा, म्हणून ठिपके ९४ मिमीवर येतात. तिथे ड्रम युनिट टोनरपासून वेगळं मिळतं, त्यामुळे नवा टोनर टाकून ठिपका जात नाही!

गंमत म्हणजे ड्रमवरचा ओरखडा लेझरचंच काम करतो. लेझर पडतो तिथला विद्युतभार उतरतो आणि टोनर त्या जागी चिकटतो. ओरखड्याच्या जागी भार टिकतच नाही. मग लेझर न पडताही काळं उमटतं.

फ्यूजरच्या रोलरचा घेर मॉडेलप्रमाणे बदलतो, आणि कधी तो ड्रमच्या इतका जवळ असतो की पट्टी गोंधळते. अशा वेळी छपाई चालू असताना, कागद अर्धा आत गेला की झाकण उघडा आणि फ्यूजरमध्ये न शिरलेला भाग पाहा. त्यावरचा टोनर सुटा असतो, बोट लावलं की पुसला जातो. ठिपका तिथेच दिसला, तर फ्यूजर निर्दोष. तिथे कागद स्वच्छ आणि फ्यूजरमधून गेलेल्या भागावर डाग असेल, तर रोलरवर स्टिकरचा गोंद किंवा वितळलेला टोनर चिकटला असण्याची शक्यता दाट. फ्यूजर २०० अंशांच्या आसपास तापतो; तिथे हात घालण्याआधी प्लग काढून तो पूर्ण गार होऊ द्या.

आणि पानभर उभी सलग रेघ असेल तर? ती फेरीगणिक उमटत नाही, म्हणून हे गणित तिला लागू पडत नाही.

ड्रमवर गोंद दिसला तर कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच पुसा. नखाने किंवा पेनाच्या टोकाने खरवडलंत, तर गोंद निघेल आणि कायमचा ओरखडा उरेल. ड्रम बाहेर असेल तेवढा वेळ त्यावर जाड कागद झाका. उजेडाने तो खराब होतो.