करार संपण्याआधीचं पत्र

चाकणच्या एका कारखान्याचं उदाहरण घेऊ. हजेरी आणि पगाराच्या हिशेबासाठी त्यांनी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर वर्गणीवर घेतलं आहे. दीडशे कामगार, दर कामगारामागे महिन्याला २०० रुपये, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. करार ३१ मार्चला संपतो. आकडे कल्पित आहेत, पण अशा व्यवहाराचा सांगाडा साधारण असाच असतो.

सॉफ्टवेअर कंपनीतल्या रिन्युअल सांभाळणाऱ्या माणसाला विचारलं की या ग्राहकाची महत्त्वाची तारीख कोणती, तर नवखा माणूस ३१ मार्च सांगेल. मुरलेला माणूस आधी करारपत्र काढून शेवटची पानं चाळेल. तिथे बहुतेक वेळा एक कलम असतं : करार पुढे चालू ठेवायचा नसल्यास मुदतीच्या किमान ६० दिवस आधी लेखी कळवावं, नाहीतर तो त्या वेळच्या दराने आणखी एक वर्ष आपोआप वाढेल. ३१ मार्चपासून साठ दिवस मागे मोजले की ३० जानेवारी येतो, लीप वर्ष असेल तर ३१. ग्राहकाच्या हातात खरा निर्णय असतो तो त्या दिवसापर्यंतच. त्यानंतर ३१ मार्चपर्यंत जे चालतं ते विनवण्या आणि भांडण.

ही तारीख ग्राहकाच्या लक्षात नसते, आणि ती तशीच निघून गेली तर विक्रेत्याचं वर्ष फुकटात पक्कं होतं. त्यामुळे गप्प बसण्याचा मोह मोठा. काही देशांनी ग्राहकांच्या बाबतीत या मोहाला कायद्यानेच आळा घातला आहे. फ्रान्समध्ये २००५ च्या शातेल कायद्यानुसार विक्रेत्याला नकार कळवण्याच्या शेवटच्या तारखेआधी ग्राहकाला आठवण द्यावी लागते, तीही जास्तीत जास्त तीन महिने आणि कमीत कमी एक महिना आधी. आठवण दिली नाही, तर वाढलेला करार ग्राहक केव्हाही मोडू शकतो. कॅलिफोर्नियात वर्षभराच्या किंवा त्याहून मोठ्या वर्गणीसाठी ही खिडकी १५ ते ४५ दिवसांची आहे. आपल्याकडे कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि २०२३ मध्ये केंद्राने ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ फसव्या रचनांच्या यादीत घातला. पण हे सगळं सर्वसामान्य ग्राहकासाठी. कारखाना आणि सॉफ्टवेअर कंपनी यांच्यातला व्यवहार करारातल्या शब्दांवर चालतो. तिथे आठवण द्यायची की नाही हे विक्रेत्याच्या हातात राहतं.

द्यावी, असं मला वाटतं, आणि त्यामागे निव्वळ धंद्याचा हिशेब आहे. बेसावध राहून अडकलेला ग्राहक वर्षभर पैसे देतो, पण त्याच वर्षात तो शांतपणे दुसरं सॉफ्टवेअर बघून ठेवतो आणि पुढच्या डिसेंबरात सगळ्यात आधी त्याचीच नकाराची नोटीस येते.

पत्र लिहिण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, प्रत्यक्ष वापर. आपल्या कारखान्यात गेल्या तीन महिन्यांत दीडशेपैकी ११८ कामगारांचीच हजेरी लागलेली दिसते. कारण फोनवर कळतं : कंत्राटी कामगारांची हजेरी आता ठेकेदार स्वतः ठेवतो. म्हणजे बत्तीस लायसन्स रिकामी पडून आहेत. दुसरी गोष्ट, माणसं. ज्यांच्या नावाने करार झाला ते एचआर मॅनेजर नोकरी सोडून गेले असतील, तर पत्र बंद पडलेल्या मेलबॉक्समध्ये जातं आणि दोन्हीकडे कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून रोज वापरणारी व्यक्ती आणि सही करणारी व्यक्ती अशा दोघांना पत्र जायला हवं.

आता बैठकीच्या तारखा. इथे कॅलेंडरपेक्षा कारखान्याचं वेळापत्रक कामाचं. १ ते ७ तारखेपर्यंत एचआरची माणसं पगाराच्या कामात बुडालेली असतात. त्या आठवड्यात अर्धा तास मागणं म्हणजे नकार मागून घेणं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निम्मे लोक रजेवर, १४-१५ जानेवारीला संक्रांत. भोसरी–चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, तेही ध्यानात ठेवायचं. उरते ती ८ ते १३ जानेवारीची खिडकी. बैठक ११ च्या सुमाराला झाली तर ३० जानेवारीपर्यंत जवळजवळ तीन आठवडे मिळतात. तेवढ्यात वरिष्ठांना विचारता येतं आणि पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये आकडाही घालता येतो, कारण बजेटं साधारण याच दिवसांत शिजत असतात. पत्र मात्र डिसेंबरच्या मध्याला गेलेलं बरं.

ते पत्र काहीसं असं :

‘विषय : हजेरी व पगार प्रणालीचा करार – ८ ते १३ जानेवारीदरम्यान अर्धा तास मिळावा

सप्रेम नमस्कार मॅडम,

आपला सध्याचा करार ३१ मार्चला संपतो. तो पुढे चालू ठेवायचा नसल्यास ३० जानेवारीपर्यंत आम्हाला लेखी कळवावे लागते. अन्यथा तो त्या वेळच्या दराने एक वर्ष वाढतो. त्याआधी आपल्याशी बोलावे अशी इच्छा आहे. ८ ते १३ जानेवारीदरम्यान दुपारी ३ नंतर आपल्याला कोणता दिवस सोयीचा? आम्ही कारखान्यात येऊ.

आपल्याकडे १५० लायसन्स आहेत. गेल्या तीन महिन्यांत ११८ वापरात आहेत. त्यामुळे तीन पर्याय मांडत आहोत. सर्व रकमा वार्षिक, जीएसटी वेगळा.

१. आहे तसेच, १५० लायसन्स, एक वर्ष, २१० रुपये दराने : ३,७८,००० रुपये.
२. १२५ लायसन्स, एक वर्ष, २२० रुपये दराने : ३,३०,००० रुपये.
३. १२५ लायसन्स, तीन वर्षे, २०० रुपये दराने, दर वर्षी बिल : ३,००,००० रुपये. मध्ये कामगार वाढल्यास हाच दर.

करार थांबवायचा विचार असल्यास तेही मोकळेपणाने सांगावे. आपली सर्व माहिती एक्सेलमध्ये काढून देऊ.’

पत्रात दरवाढ लपवलेली नाही. २०० चे २१० होणार हे पहिल्या ओळीतच दिसतं. पहिल्या पत्रात आकडे द्यावेत की नाही यावर विक्रीच्या लोकांत दोन तट आहेत. ‘आधी भेटू, मग बोलू’ म्हणणाऱ्यांना वाटतं की आकडा दिला की ग्राहक भेटायलाच बोलावणार नाही. मोठ्या, गुंतागुंतीच्या करारात ते ठीक असेल. पण चार लाखांच्या व्यवहारात एचआरच्या मॅडमना त्यांच्या साहेबांपुढे कागद ठेवावा लागतो, आणि आकडा नसलेला कागद पुढे सरकत नाही.

दुसऱ्या पर्यायात दर वाढलेला दिसतो, कारण दीडशेच्या खाली गेलं की घाऊक सवलत जाते. हे तोंडी समजावून सांगावं लागतं, नाहीतर संख्या कमी केल्याची शिक्षा दिल्यासारखं वाटतं. तिसऱ्यात विक्रेता दर वर्षी ६० हजारांवर पाणी सोडतो, पण त्याला तीन वर्षांचे ९ लाख नक्की मिळतात आणि दर डिसेंबरात पत्र लिहिण्याची कटकट मिटते. ग्राहकाचा फायदा म्हणजे दर गोठतो. तोटाही आहे : दोन वर्षांत कारखान्यात ऐंशीच कामगार उरले तरी १२५ चे पैसे भरावे लागतात. संख्या घटवण्याची काही सोय आहे का, हा प्रश्न ग्राहकाने विचारायलाच हवा. वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत घट चालेल, अशी मधली वाट विक्रेता काढू शकतो.

काही कंपन्या मुद्दाम एक टाकाऊ पर्याय घालतात, म्हणजे मधला आपोआप गोजिरा दिसतो. परचेसमध्ये दहा वर्षं काढलेला माणूस हे एका नजरेत ओळखतो आणि मग उरलेल्या दोन आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही.

पत्रानंतर आठवडाभर काहीच आलं नाही तर फोन करायचा. आलेलं उत्तर मात्र नीट वाचायचं. आजवर एचआरशीच संबंध असताना उत्तर अचानक परचेसकडून आलं आणि त्यात ‘आपला बेस्ट रेट पाठवा’ एवढंच असलं, तर तुलनेला आणखी दोन कोटेशनं मागवली गेली आहेत असं धरून चालावं. जुनी सगळी माहिती कशी डाऊनलोड करायची अशी विचारणा आली, तर ग्राहकाचा पाय बाहेर पडला आहे. तेव्हा दर कमी करून उपयोग नसतो. अडचण कुठे झाली ते विचारावं. बहुतेकदा ती पैशाची नसतेच. महिनोन्‌महिने न सुटलेली एखादी तक्रार असते, म्हणजे हजेरीच्या यंत्रावर रात्रपाळीचे तास दोन दिवसांत विभागले जातात आणि ओव्हरटाइम हातानं दुरुस्त करावा लागतो, असं काहीतरी.

बैठक झाली की त्याच दिवशी चार ओळींत लिहून पाठवायचं : कोणता पर्याय, कोणता दर, पीओ कधीपर्यंत. आणि समजा निर्णय लांबला, तर ३० जानेवारीची तारीख पंधरा दिवस पुढे ढकलल्याचं विक्रेत्याने ई-मेलवर लेखी द्यावं. ‘बघून घेऊ हो’ असं फोनवर सांगणारा माणूस फेब्रुवारीत नोकरी बदलतो आणि करारातलं कलम तेवढं मागे राहतं.

आणखी एक अडचण ३१ मार्चलाच येते. मार्चचा पगार ७ एप्रिलच्या आत द्यायचा असतो आणि त्याचा हिशेब १ तारखेनंतर सुरू होतो. पीओ परचेसच्या टेबलावर अडकला आणि सॉफ्टवेअर १ एप्रिलच्या पहाटे आपोआप बंद झालं, तर दीडशे घरांचा पगार अडतो. म्हणून अशा करारांत मुदत संपल्यावरही दहा-पंधरा दिवस लॉगिन चालू राहील आणि त्याचं वेगळं बिल लागणार नाही, हे जानेवारीतल्या बैठकीतच ठरवून घ्यायचं, आणि लॉगिन बंद करणारं बटण विक्रेत्याकडे कुणाच्या हातात आहे त्याचं नाव नि फोन नंबर एचआरकडे लिहून ठेवायचा.