दाखल झाल्याशिवाय नाही

नागपुरात धंतोलीच्या एका गल्लीत दोन टेबलांचं एक ऑफिस आहे. तिथल्या बाईंनी बरीच वर्षं विमा कंपन्यांचे दावे तपासण्याचं काम केलं. आता त्या दुसऱ्या बाजूला बसतात आणि लोकांच्या पॉलिसी वाचून देतात. हे काम कसं चालतं ते बघायला मी एका शनिवारी त्यांच्याकडे बसलो होतो. सकाळी एक जोडपं आलं. हातात प्लास्टिकची फाईल, चेहऱ्यावर आधीच थोडा राग.

मुलगा साडेपाच वर्षांचा. तिघांची मिळून दहा लाखांची फ्लोटर पॉलिसी, वर्षाला २२,४०० रुपये हप्ता. फाईलमध्ये त्या वर्षातली तीन बिलं होती. पहिलं लसींचं, ४,३०० रुपये. दुसरं डोळ्यांचं: तपासणी ९०० आणि चष्मा ३,२००. तिसरं दातांचं, ७,००० रुपये, त्यात एक्स-रे, दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल आणि त्यावर बसवलेली स्टीलची कॅप. एकूण १५,४००. वडिलांचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, पॉलिसीत मुलगा आहे ना? मग यातलं मिळतं किती?"

बाईंनी बिलांकडे बघितलंच नाही. आधी पॉलिसीसोबत येणारं ग्राहक माहिती पत्रक मागितलं. काय मिळतं, काय मिळत नाही आणि कशासाठी किती दिवस थांबावं लागतं, हे त्यात कलमांच्या क्रमांकासह दिलेलं असतं. १ जानेवारी २०२४ पासून ते सुधारित साच्यात द्यावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर स्थानिक भाषेतही मिळतं. या जोडप्याचं पत्रक ईमेलमध्ये न उघडता पडलं होतं. बहुतेकांचं तसंच असतं.

मग त्यांनी तिन्ही बिलं टेबलावर मांडली आणि प्रत्येकावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला, "मुलगा दाखल होता का?" लसीला नाही, डोळ्यांना नाही, दातांना नाही. फ्लोटर ही मुळात दवाखान्यात भरती होण्याची पॉलिसी. किमान चोवीस तास भरती, किंवा तेवढी लागत नाही अशा ठरावीक डे-केअर प्रक्रिया, आणि त्यांच्या आधीनंतरचा काही दिवसांचा खर्च. बाह्यरुग्ण विभागात केलेला खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही. "फ्लोटर"चा अर्थ इतकाच, की विम्याची रक्कम घरातल्या सगळ्यांत सामायिक आहे. तिच्यात मुलगा असला म्हणून खर्चाचा प्रकार बदलत नाही.

म्हणजे उत्तर शून्य. वडिलांचा राग वाढला आणि बाईंनी तो वाढू दिला. पण प्रत्येक बिलामागे एकेक अपवाद दडलेला असतो, आणि तो माहीत नसल्यामुळे जे पैसे मिळू शकतात तेही बुडतात. म्हणून त्यानंतर त्या एकेक कागद वाचायला बसल्या.

लसींचं आधी. पाच वर्षांचा बूस्टर आणि गोवर-गालगुंड-रुबेलाचा डोस, असे दोन. यातल्या पहिल्याचा साधा अवतार, डीपीटीचा दुसरा बूस्टर, सरकारी लसीकरणात पाच ते सहा वर्षांच्या मुलांना आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. खासगी डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन वेगळं होतं. त्यात डांग्या खोकल्याचा जंतू अख्खा नसून त्याचे निवडक भाग होते, म्हणून ताप आणि दुखणं कमी. शिवाय पोलिओही त्यातच. म्हणजे त्या इंजेक्शनचे २,९०० रुपये बऱ्याच अंशी मुलाचा एका रात्रीचा ताप टाळण्यासाठी गेले. ते द्यावेत की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. दुसऱ्या डोसाची गोष्ट निराळी. सरकारी यादीत गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही, त्यामुळे तो पदरच्या पैशानेच घ्यावा लागतो. टायफॉइडच्या लसीचंही तेच.

लस टोचून घेण्याचा खर्च बहुतेक पॉलिसींमध्ये स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. अपवाद सहसा प्राणी चावल्यानंतरच्या लसीचा. पण तिथेही भरतीची अट किंवा पोटमर्यादा असते, ती वाचावी लागते. दुसरा अपवाद बाळंतपणाच्या कलमात असतो. काही योजनांमध्ये नवजात बाळाच्या पहिल्या वर्षाच्या लसींना ठरावीक रकमेपर्यंत पैसे मिळतात, पण ते बाळंतपणच त्या पॉलिसीतून झालेलं असलं तर. एरवी बाळ पॉलिसीत येतं ते साधारण ९१व्या दिवशी, आणि तोवर पहिल्या तीन महिन्यांच्या लसी टोचूनही झालेल्या असतात. आईने विचारलं, "आणि लसीनंतर ताप चढून झटका आला, मुलाला भरती करावं लागलं तर?" तर ते आजारपण आहे, त्याचा दावा होतो. मात्र कागदावर नुसतं "निरीक्षणासाठी दाखल" असेल आणि उपचाराची एकही ओळ नसेल, तर फक्त तपासणीसाठी झालेली भरती म्हणून दावा अडतो.

डोळ्यांचा कागद बाईंनी सगळ्यात जास्त वेळ धरला. उजव्या डोळ्याला अधिक साडेचार, डाव्याला अधिक दीड. चष्मा लावूनही उजव्या डोळ्याची दृष्टी ६/१८, डाव्याची ६/६. खाली डाव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी बांधण्याची सूचना. हा आळशी डोळा. दोन डोळ्यांच्या नंबरात एवढा फरक असला की मेंदू धूसर चित्राकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि चांगला डोळा सगळं काम उरकत असल्याने घरी कुणाला पत्ताही लागत नाही. मूल टीव्ही जवळून बघत नाही, डोकं दुखतं म्हणत नाही. हे कळतं ते एकेक डोळा नीट झाकल्यावरच. नीट म्हणजे तळव्याने किंवा पुठ्ठ्याने. बोटांनी झाकलं तर मूल फटीतून बघून सगळी अक्षरं बरोबर सांगतं आणि आपण खूश होतो. खरा नंबरही बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावरच कळतो, कारण लहान मुलाच्या डोळ्यातले स्नायू जोर लावून बराचसा अधिक नंबर लपवतात.

पॉलिसीच्या नजरेत यातलं काहीच उपचारात मोडत नाही. वगळलेल्या बाबींमध्ये एक ओळ होती: साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याच्या उपचारांचा खर्च मिळणार नाही. ती बघून वडील म्हणाले, "म्हणजे नंबर आठ असता तर चष्म्याचे पैसे मिळाले असते?" बाई हसल्या. "नाही भाऊ. ते कलम नंबरावरच्या शस्त्रक्रियेसारख्या उपचारांचं आहे. चष्मा वेगळ्या ओळीत वगळलाय." तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेचं मात्र तसं नाही. ती लहान मुलांत भूल देऊन करतात, भरती किंवा डे-केअर होते, आणि दावा उभा राहू शकतो. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी केसपेपरवर "जन्मापासून" असं लिहिलं असेल, तर दृश्य जन्मजात दोषाच्या कलमाकडे बोट दाखवलं जातं. आईने पहिल्याच भेटीत "लहानपणापासूनच असं आहे" असं मोघम सांगितलेलं असतं, आणि तेच कागदावर उतरतं. खरोखर जन्मापासून असेल तर तसंच सांगायचं, लपवायचं काहीच नाही. पण तिसऱ्या वर्षी दिसलं असेल, तर "तिसऱ्या वर्षी दिसलं" असंच सांगायचं, आणि एखादा जुना फोटो जपून ठेवायचा.

ही तपासणी शाळेत फुकट झाली असती का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, डोळे आणि दातही बघतात. पण शाळा सरकारी किंवा अनुदानित असावी लागते. हा मुलगा खासगी विनाअनुदानित शाळेत जातो. म्हणजे त्या पथकाच्या यादीतही तो नाही आणि विम्यातही त्याची तपासणी नाही. पॉलिसीत वार्षिक आरोग्य तपासणी आहे, पण ती १८ वर्षांवरच्या सदस्यांना, आणि तिच्यात रक्त-लघवीच्या चाचण्या आहेत. मध्यमवर्गातल्या या वयाच्या बऱ्याच मुलांचं असंच आहे, आणि मला ते त्या १५,४०० रुपयांपेक्षा जास्त खटकलं.

दातांचं कलम सगळ्यात कडक निघालं. या पॉलिसीत दातांचे उपचार फक्त अपघातामुळे, आणि तेही भरती झाल्यासच. मग भरती करून पैसे निघतील का? नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या आठ-दहा किडक्या दातांवर भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये काम करावं लागतं, तिथे भरतीही असते आणि बिलही मोठं असतं, तरी कारण अपघात नसून कीड असल्यामुळे दावा पडतो. उलट बाजूही आहे. शाळेत घसरगुंडीवरून पडून समोरचा दात तुटला, दंतवैद्याने खुर्चीवरच जोडून दिला, तर अपघात आहे पण भरती नाही, म्हणून तेही नाही. दोन्ही अटी एकत्र लागतात. याउलट २०२० पासून सर्व कंपन्यांकडे असलेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाण पॉलिसीत आजारामुळे किंवा इजेमुळे करावे लागलेले दातांचे उपचार रुग्णालयातल्या खर्चात धरले आहेत. महागड्या पॉलिसीत नसलेली गोष्ट साध्या पॉलिसीत असू शकते, हे पत्रकं शेजारी ठेवून वाचल्याशिवाय लक्षात येत नाही.

मग वडिलांनी खिशातून एक कागद काढला. नूतनीकरणाच्या वेळी एजंटने सुचवलेली बाह्यरुग्ण खर्चाची जोड: ४,८०० रुपये जादा हप्ता, १०,००० पर्यंत खर्च, त्यात २० टक्के वाटा आपला. बाईंनी कागद उलटवून आतल्या अटी वाचल्या. डॉक्टरांची फी, चाचण्या आणि औषधं समाविष्ट. लसी, चष्मा आणि दात वगळलेले. या वर्षीच्या बिलांतलं काय बसलं असतं? डोळ्यांच्या तपासणीचे ९००, आणि लसीच्या बिलातली डॉक्टरांची फी वेगळी दाखवली असती तर ६०० रुपये. १,५०० मधला आपला वाटा वजा जाता १,२००. त्यासाठी ४,८०० भरायचे. या घराला ती जोड महागच पडली असती. वर्षभर सर्दी-खोकल्याच्या फेऱ्या असणाऱ्या घराला कदाचित परवडते.

शेवटी त्यांनी आयकराचा विषय काढला. जुन्या करप्रणालीत आरोग्य विम्याच्या २५,००० रुपयांच्या वजावटीतच प्रतिबंधक आरोग्य तपासणीचे ५,००० पर्यंत धरता येतात. मुलांच्याही, आणि रोख दिले तरी. हप्ता २२,४००, म्हणजे जागा उरली २,६००. त्यात चष्मा किंवा दाढेचा उपचार येत नाही. यापुढे डोळ्यांची आणि दातांची नुसती वार्षिक तपासणी करून घेतली, तर तिची पावती तिथे लागते. नवी प्रणाली घेतली असेल तर हेही नाही. या जोडप्याने नवी घेतली होती.

आईने फाईल बंद करता करता विचारलं, की सहाव्या वर्षी मागे येणाऱ्या दाढांना कीड लागू नये म्हणून काही करता येतं का. बाई म्हणाल्या, त्या दाढा कायमच्या असतात, पुढचा एकही दात न पडता मागून येतात, म्हणून लोक त्यांना दुधाच्याच समजतात. त्यांच्या खाचा भरून घेता येतात, आणि इथल्या शासकीय दंत महाविद्यालयात बालदंत विभाग आहे, तिथे सकाळी लवकर जाऊन नंबर लावा.