सोलो आठवतो, नाव आठवत नाही

जॅझ ऐकणारे चार लोक एकत्र जमले की एक प्रश्न हमखास निघतो. “मागे कुठेतरी ऐकलं होतं. सॅक्सोफोन होता, लय संथ. सुरुवात उदास, मग मध्येच असं काही झालं की सगळं उजळून निघालं, आणि शेवटी तर वाजवणारा पेटलाच होता. चाल काही आठवत नाही. कोणतं असेल?”

एवढ्यावरून नाव सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं, असं कुणालाही वाटेल. खरं तर या वर्णनात नावापर्यंत पोहोचायला पुरेसा ऐवज आहे. मात्र विचारणाऱ्याने ज्यावर भर दिलाय, त्या ‘उदास’ आणि ‘पेटला’ या शब्दांत तो नाही. तो ‘मध्येच उजळलं’ यात आहे.

जॅझमधली ‘स्टँडर्ड’ म्हणजे बहुतेक वेळा ब्रॉडवेच्या नाटकांतली किंवा जुन्या अमेरिकन चित्रपटांतली गाणी, जी वादकांनी आपलीशी केली. रिवाज असा की गाण्याची चाल एकदा वाजवायची, मग ती बाजूला ठेवून तिच्याखालच्या कॉर्डवर नवं सुचेल ते वाजवायचं. हाच सोलो. चाल गेली तरी कॉर्ड त्याच क्रमाने, तेवढ्याच मात्रांनी फिरत राहतात. ठरलेला साचा असा: चार मात्रांचा एक बार, आठ बारचा एक भाग आणि असे चार भाग मिळून बत्तीस बारचं एक आवर्तन. पहिला, दुसरा आणि चौथा भाग जवळपास सारखे असतात, तिसरा वेगळा. त्या तिसऱ्याला ब्रिज म्हणतात.

रागसंगीतावर वाढलेला कान इथे थोडा फसतो. रागाची ओळख आणि त्याचा भाव यांचं नातं आपण गृहीत धरतो. मारव्यातली हुरहुर गायकाची असते तशी मारव्याचीही असते. जॅझमध्ये मूड बराचसा वाजवणाऱ्याच्या मालकीचा. एकच स्टँडर्ड एक जण रडवेलं वाजवतो, दुसरा थट्टेने, तिसरा रागाने. म्हणून मूडवरून रेकॉर्ड ओळखता येते, गाणं नाही. गाणं ओळखायचं तर कॉर्ड कुठून निघाल्या, घरी केव्हा आल्या आणि मध्ये कुठे जाऊन आल्या, एवढंच विचारायचं.

आता वरचंच कोडं सोडवू. घरात पेटी असेल तर काढा. काळी एक हा सा धरा.

पहिला प्रश्न: ‘सुरुवात उदास’ म्हणजे नेमकी किती वेळ? पुन्हा आठवायला सांगितलं की बहुधा उत्तर येतं, “अगदी सुरुवातीला, लगेच सुटल्यासारखं झालं.” पेटीवर रे, म आणि ध एकदम दाबा. हा मायनर कॉर्ड, थोडा काळवंडलेला. मग प, नि, रे, म एकदम. आता कान काहीतरी मागू लागतो. मग सा, ग, प. सुटका. ही तीन पावलं जॅझमध्ये पावलोपावली भेटतात, त्यामुळे ती सापडली म्हणून गाणं सापडलं असं होत नाही. पण बरीच गाणी सा-ग-पवर, म्हणजे घरीच सुरू होतात. आपलं हे गाणं घराबाहेर सुरू होऊन तिसऱ्या बारला घरी येतं. यादी एवढ्यानेच बरीच आटोपते.

इथे ‘ऑटम लीव्ह्ज’ पुढे येतं. त्याचीही सुरुवात याच तीन पावलांनी होते. मग फरक कुठे? आठ बारच्या शेवटी. ‘ऑटम लीव्ह्ज’ सुटका दाखवून पुन्हा खाली उतरतं आणि सातव्या बारला मायनरमध्येच विसावतं. त्यातली उदासी शेवटी आहे. आपल्या माणसाची उदासी सुरुवातीला होती आणि भाग संपताना गाणं मेजरमध्ये, निवांत होतं. ‘ऑटम लीव्ह्ज’ बाद.

दुसरा प्रश्न: ‘उजळलं’ तेव्हा काय झालं? ते आवर्तनात साधारण अर्ध्यावर झालं असेल, तर तो ब्रिज. मग त्याला दोन सूर गुणगुणायला लावायचे: उजळण्याआधीचा सा आणि नंतरचा सा. लोक हे जितकं अवघड समजतात तितकं नाही. गाण्याचे शब्द विसरलेला माणूसही षड्ज धरू शकतो. हा दुसरा सा अर्ध्या सुराने वर निघाला तर शोध जवळपास संपला. पेटीवर काळी एकवरून पांढरी दोनवर जाऊन तिथे सा-ग-प वाजवून बघा. जिने न चढताच वरच्या मजल्यावर पोहोचल्यासारखं वाटतं.

बहुतेक ब्रिज इतके लांब, किंवा म्हटलं तर इतके जवळ, जात नाहीत. ते मध्यमाकडे जातात किंवा जोडीच्या मायनरमध्ये. अर्ध्या सुराने वर जाणारी नामांकित गाणी मोजकीच. माइल्स डेव्हिसचं 1959 सालचं ‘सो व्हॉट’ त्यातलं एक, पण तिथे मायनरवरून मायनरवरच जायचं आणि आठ बार एकाच कॉर्डवर बसायचं. उजळण्याचा संबंध नाही. ‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’ हे दुसरं, पण ते घरी सुरू होतं आणि त्याचा ब्रिज सोळा बारचा, ऐसपैस.

उरतं ‘बॉडी अँड सोल’. त्याचा ब्रिज एकदा बोटांखालून जायला हवा असाच आहे. पहिले चार बार पांढरी दोन. पुढचे चार बार तिथून खाली, पांढरी एकवर. म्हणजे घर काळी एकचं, आणि गाणं आधी त्याच्या डोक्यावरच्या पट्टीत जातं, मग पायाखालच्या पट्टीत. शेवटी तीन कॉर्ड अर्ध्या-अर्ध्या सुराने घसरत येतात आणि पुन्हा तो रे-म-ध. ज्याला चाल आठवत नाही त्यालाही ही घसरण आठवते. “नंतर परत तसंच उदास झालं,” असं तो सांगतो. वर चढणं आणि ही घसरण दोन्ही जुळली तर मी दुसरं नाव शोधत बसत नाही.

जॉनी ग्रीनने ‘बॉडी अँड सोल’ 1930 साली बांधलं. आता ज्या मूडला आपण बाजूला ठेवलं होतं, तो कामाला येतो, कारण प्रश्न आता रेकॉर्डचा आहे. ‘चाल आठवत नाही’ हा विसराळूपणा नसेलही. कोलमन हॉकिन्सने 11 ऑक्टोबर 1939 रोजी न्यूयॉर्कमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणात चाल जवळपास नाहीच. पियानोचे चार बार होतात, हॉकिन्स टेनर सॅक्सोफोनवर येतो, सुरुवातीचे काही बार चालीच्या आसपास रेंगाळतो आणि मग तिला सोडून देतो ते कायमचं. दोन आवर्तनं, चौसष्ट बार, तोच एकटा. पहिल्या आवर्तनात कानात बोलल्यासारखं, दुसऱ्यात आवाज जाड होत, वर चढत शेवटाकडे. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आसपास. त्या लयीत ब्रिजचा प्रत्येक अर्धा भाग सुमारे दहा सेकंद टिकतो. ‘मध्येच’ म्हणून लक्षात राहायला तेवढं पुरे. चाल नसूनही ती तबकडी लोकांनी डोक्यावर घेतली होती.

उलट आठवणीत चाल स्पष्ट असेल आणि खाली बेस एकाच सुरावर ठाण मांडून ठोकत असेल, तर तो जॉन कोल्ट्रेनचा 1960 सालचा अवतार असू शकतो. त्याने ब्रिजमधल्या कॉर्डही बदलल्या आहेत. अशा वेळी वरची परीक्षा लंगडी पडते. पहिल्या भागावर आणि चालीवरच भिस्त ठेवावी लागते.

चूक होण्याची एक जागा फार फसवी आहे. ‘उजळलं’ ते पट्टी बदलल्यामुळे की वादकाने वरचा सूर पकडल्यामुळे, की ड्रमवाल्याने ब्रश टाकून काठ्या घेतल्यामुळे? आठवण हे तिन्ही एकाच खात्यात जमा करते. उपाय साधा: सॅक्सोफोन विसरून बेस गुणगुणायचा. वादक कितीही पेटू दे, बेसचा घरचा सूर जागचा हलला नसेल तर पट्टी बदललेली नाही. सोलोचं शेवटचं आवर्तन सगळ्यात जास्त लक्षात राहतं, म्हणून मी नेहमी विचारतो की हे उजळणं एकदाच झालं की पुन्हा पुन्हा. ब्रिज प्रत्येक आवर्तनात यायलाच हवा. एकदाच झालं असेल तर ती वादकाची करामत.

दुसरी जागा म्हणजे नुसत्या सुरुवातीवर भाळणं. सा-ग-प दोन बार, मग रे-तीव्र म-ध दोन बार, असं वाजवलं की कुणी ‘टेक द ए ट्रेन’ म्हणेल, कुणी ‘इपानेमा’. पहिल्या आठ बारपुरते दोघंही बरोबर. निवाडा ब्रिज करतो: एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची ती आगगाडी मध्यमाकडे जाते, इपानेमा अर्धा सूर वर.

ही कॉर्डची भाषा मराठी कानाला वाटते तितकी परकी नाही. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक रात्री तिथे आणि दिवसा स्टुडिओत असत. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात होता. नावं माहीत नसली तरी या हालचाली आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

म्हणून कुणा जाणकाराला विचारायचं असेल तर मूड शेवटी सांगा. आधी लय सांगा, गाणं घरी सुरू होतं की बाहेर ते सांगा, आठ बारचा शेवट कसा होतो ते सांगा आणि ब्रिजमधला सा गुणगुणून दाखवा. आणि एवढं करूनही दोन जणांनी दोन वेगळी नावं दिली तर लगेच भांडू नका. अमेरिकेत मालकी हक्क चालीवर असतो, कॉर्डच्या ओळीवर सहसा नाही. म्हणून बीबॉपच्या काळात जुन्या कॉर्डवर नव्या चाली बसवण्याचा सपाटाच होता. चार्ली पार्करचं 1945 सालचं ‘को-को’ हे रे नोबलच्या ‘चेरोकी’च्या कॉर्डवर उभं आहे. नुसता सोलो आठवत असेल, तर कॉर्डवरून या दोघांत निवड करता येत नाही. त्यासाठी सोलोच्या आधी काय वाजलं होतं, तेच आठवावं लागेल.