नमुना मंजुरीचा कागद

लेखमाला : छोट्या कारखान्याचा व्यवहार

खोपोली, सावरोली, खालापूर या पट्ट्यात पत्र्याचे काम करणारे आणि पावडर कोटिंग करून देणारे अनेक छोटे कारखाने आहेत. त्यांच्या पार्ट्या बहुतेक पुण्याच्या किंवा मुंबईच्या. ऑर्डर हातात पडली की आधी एक सॅम्पल जाते, समोरून ‘ओके’ येते आणि माल सुरू होतो. भांडण होते ते माल पोहोचल्यावर, कारण ‘ओके’ नेमके कशाला होते याची नोंद दोन्हीकडे नसते. ही नोंद सॅम्पलबरोबरच कशी मागायची, ते एका कामाच्या आधारे पाहू.

समजा, पुण्याच्या पार्टीला इलेक्ट्रिक कंट्रोल पॅनेलचे २४० डबे हवे आहेत. पत्रा १.६ मिलिमीटरचा सीआर, पावडर कोटिंग करड्या रंगाचे. ऑर्डरवर रंगाच्या रकान्यात लिहिले आहे ‘सीमेन्स ग्रे’. आपल्याकडे या नावाने बहुधा राल ७०३२ ही छटा ओळखतात, पण आजकाल पॅनेलसाठी राल ७०३५ फार चालते. ७०३२ मध्ये किंचित पिवळट-मातकट झाक असते, ७०३५ त्याहून फिकी. कारखान्यात ७०३५ ची पावडर शिल्लक असेल तर सॅम्पल त्याच पावडरीचे निघते. ते पुण्याला पोहोचते आणि उत्तर येते, “थोडा फिका वाटतोय, बघा.”

या उत्तराचे कारखानदाराने काय करायचे? अशा वेळी बहुतेक जण कोटिंगचा थर वाढवून पाहतात. राखाडी पावडरीचा थर एकदा पत्रा पूर्ण झाकला की आणखी वाढवून छटा बदलत नाही. वाया जाते ती पावडर. त्यापेक्षा पार्टीला विचारावे: कशाशी तुलना केली, कोणत्या उजेडात केली, आणि ऑफिसात ठेवलेल्या जुन्या पॅनेलशी की रालच्या शेडकार्डाशी? जुने पॅनेल ७०३२ चे असेल, तर ‘फिका’ हे निरीक्षण शंभर टक्के बरोबर ठरते आणि चूक कोटिंगमध्ये नसून ऑर्डरच्या शब्दात असल्याचे कळते. उजेडाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. दोन छटा ट्यूबलाइटखाली सारख्या दिसतात आणि खिडकीशी नेल्या की वेगळ्या पडतात, कारण त्यांतली रंगद्रव्ये निरनिराळी असू शकतात. म्हणून तुलना दिवसाच्या उजेडात, थेट ऊन टाळून, किंवा ६५०० केल्व्हिनच्या दिव्याखाली करायची असे कागदावर आधीच लिहावे.

सॅम्पलसोबत जाणारे पत्र साधेच असते, पण त्यात प्रश्न नेमके हवेत. आमच्या उदाहरणातले पत्र असे लिहिता येईल:

“सोबत एक पूर्ण डबा आणि तीन सपाट पट्ट्या पाठवत आहोत. डबा आणि पट्ट्या एकाच पावडरीच्या एकाच बॅचमधून, एकाच भट्टीत केल्या आहेत. कृपया पुढील बाबी तपासून प्रत्येकीपुढे ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहावे. अमान्य असल्यास किती व कुठे ते आकड्यात किंवा फोटोवर खूण करून सांगावे. छटा: राल ७०३५, शेडकार्डाशी दिवसाच्या उजेडात. चमक: ६० अंशांच्या मीटरवर ७० ते ८०. थर: बाहेरच्या सपाट भागावर ६० ते ८० मायक्रॉन, आतल्या कोपऱ्यात किमान ४०. पकड: आयएसओ २४०९ नुसार जाळी चाचणीत ० किंवा १ वर्ग. शेवटी सहीसह एकच निर्णय द्यावा: मंजूर, अटींसह मंजूर, की नामंजूर. निर्णय येत्या शुक्रवारपर्यंत मिळाल्यास माल ठरल्या तारखेला निघेल.”

यातला आतल्या कोपऱ्याचा आकडा बरेच जण विसरतात आणि भांडण नेमके तिथेच होते. पावडर विद्युतभारामुळे पत्र्याकडे ओढली जाते. डब्याच्या आतल्या कोपऱ्यात ती नीट पोहोचत नाही, बाहेरच्या कडांवर जास्त बसते. सॅम्पल म्हणून फक्त सपाट पट्टी पाठवली तर हा दोष दिसतच नाही. म्हणून पट्टी रंगासाठी आणि डबा थरासाठी, असे दोन्ही पाठवावे, आणि थर डब्यावर कुठे मोजायचा ते बिंदू फोटोवर आकडे घालून दाखवावेत. नाहीतर एकजण दारावर मोजतो आणि दुसरा मागच्या कोपऱ्यात, आणि दोघेही खरे बोलत असतात.

जाळी चाचणी छोट्या कारखान्यातही करता येते. ६१ ते १२० मायक्रॉन थराला दोन मिलिमीटर अंतराने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा धारदार कटरने पत्र्यापर्यंत ओढायच्या. मग चिकटपट्टी घट्ट दाबून, झटका न देता एकसारख्या ओढीने काढायची. कडा गुळगुळीत राहिल्या आणि एकही चौकोन सुटला नाही तर वर्ग ०. रेघांच्या छेदांवर बारीक कपचे उडाले, पण एकूण ५ टक्क्यांपेक्षा जास्त भाग गेला नाही, तर वर्ग १. पार्टीला अहवालाबरोबर चाचणीची पट्टीही पाठवावी. ती हातात घेऊन बघता येते, नुसता आकडा तसा बघता येत नाही.

कर्जत-खालापुरात आणखी एक अडचण असते, ती पावसाची. सॅम्पल मार्चच्या कोरड्या हवेत मंजूर होते आणि ऑर्डर जुलैत चालते. सात टाक्यांच्या प्रक्रियेत फॉस्फेटिंग झालेला पत्रा नीट सुकला नाही किंवा दमट हवेत रात्रभर टांगून राहिला, तर कोटिंगच्या आधीच त्यावर बारीक गंज धरतो. बाहेरून डबा सुंदर दिसतो, पण जाळी चाचणीत चौकोन सुटतात. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असेल तर कोटिंगवर खड्डे पडतात. मार्चमधल्या सहीने यातले काहीच झाकले जात नाही. म्हणून मंजुरीच्या कागदावर अट असावी की मालाच्या पहिल्या दिवशी पाच डबे त्याच निकषांवर पुन्हा तपासून पार्टीला कळवले जातील. आणि अटीची दुसरी बाजूही लिहावी: पावडरीची कंपनी किंवा बॅच बदलली, पत्र्याची जाडी बदलली, तर नवे सॅम्पल जाईल. जाड पत्रा भट्टीत उशिरा तापतो. तेवढ्याच वेळात काढला तर कोटिंग कच्चे राहते. पातळ पत्र्यावरची मंजुरी त्याला लागू धरता येत नाही.

दिसण्याच्या बाबी आकड्यात बसत नाहीत, हे मात्र मान्य करावे लागेल. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पोत किती चालेल, एखादा धुळीचा कण दरवाजाच्या आत चालेल का, यासाठी दोन पट्ट्या जास्त पाठवाव्यात: एक जेमतेम चालणारी, एक न चालणारी. पार्टीने दोन्हींवर सही करावी. पाहण्याचे अंतरही लिहावे. एक मीटरवरून न दिसणारी गोष्ट भिंगाखाली दिसली म्हणून माल परत करणे योग्य नाही. गंज, उघडा पत्रा, सुटलेले कोटिंग हे दोष मात्र कुठल्याही अंतरावरून अमान्यच.

मंजूर झालेल्या तीन पट्ट्यांपैकी एक पार्टीकडे, एक कारखान्यात, एक कोटिंगच्या ओळीवर असावी. मागे तारीख, पावडरीची बॅच आणि सही. काळ्या पिशवीत, उन्हापासून दूर ठेवाव्यात, आणि ओळीवरची पट्टी हाताळून खराब झाली की कारखान्यातल्या पट्टीशी ताडून बदलावी. खिडकीत टांगलेल्या पट्टीशी माल ताडून पाहणे धोक्याचे, कारण काळाच्या ओघात ती पट्टीच बदललेली असते.

उत्तर देणारा माणूसही एकच ठरवून घ्यावा. परचेसने फोनवर होकार दिला आणि क्वालिटीवाल्याने माल आल्यावर नकार दिला, तर कारखानदाराकडे काही उरत नाही. पत्रात विचारावे: निकषांवर सही कोणाची? आणि शुक्रवार उलटूनही उत्तर आले नाही, तर मौन म्हणजे मंजुरी असे धरू नये. ऑर्डरमध्ये तसे कलम दोघांनी मान्य केले असेल तरच ते चालते. नसेल तर लेखी कळवावे, “निर्णय येईपर्यंत पावडर आणि भट्टी राखून ठेवणे शक्य नाही, माल जितके दिवस उशिरा मंजूर होईल तितके दिवस पाठवण्याची तारीख पुढे जाईल.” तारीख सरकते म्हटल्यावर, फोनवर अडकलेली सही बहुधा दुसऱ्या दिवशी येते.

पुढच्या भागात: २४० डब्यांतून किती आणि कोणते उघडून तपासायचे.